फ्रिज बंद, चकती चालू

मुळशीच्या दवाखान्यात माझ्या आधीपासून दोघं मुक्कामाला होते. एक तो फ्रिज आणि दुसरी मावशी. दोघांशीही माझं पहिल्या वर्षी जमलं नाही.

दवाखाना म्हणजे मूळचा एका साहेबाचा बंगला. स्वातंत्र्यानंतर साहेब मायदेशी गेला, आणि पुण्याच्या एका धर्मादाय संस्थेनं बंगला घेऊन तिथे दवाखाना काढला. डॉक्टर आठवड्यातून एकदा पुण्याहून यायचे. बाकीचे दिवस मी, म्हणजे नर्स, आणि झाडलोटीला, पाणी भरायला, बाळंतिणीचे पाय चेपायला मावशी. बंगला धरणाच्या पाण्याला लागून होता. धरण भरलं की पाणी मागच्या उतारावर अर्ध्यापर्यंत चढायचं, आणि उन्हाळ्यात इतकं खाली जायचं की बुडालेल्या गावांची जोती उघडी पडायची. लोक ती बघायला जात आणि आपापलं घर कुठं होतं ते बोटानं दाखवत. मला तो प्रकार मुळीच आवडत नसे. बुडालेलं घर बुडालेलंच राहावं, असं माझं मत होतं.

फ्रिजही साहेबाचाच. पोट सुटलेल्या सावकारासारखा गोलमटोल, दाराचं रबर चिरलेलं, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबनं दार बांधून ठेवलेलं. चालू झाला की घुरघुरायचा आणि बंद होताना असा काही शहारायचा की आतल्या बाटल्या एकमेकींवर वाजायच्या. संध्याकाळी एकटी असले की तो आवाज मला आजारी माणसासारखा वाटे. पण त्याच्या पोटात सापाची लस होती, धनुर्वाताचं औषध होतं. भाताची खाचरं भरली की आमच्याकडे सापाचे रोगी येणारच. गावचे लोक त्याला ‘बर्फाचं कपाट’ म्हणत आणि दारावरून जाताना नमस्कार करणारेही होते.

मावशी त्याला नमस्कार करत नसे. तिचा नमस्कार पाण्याला.

बंगल्यामागच्या उतारावर पाण्याच्या काठी एक चपटा दगड होता. त्या जागी कुणी उतरत नसे. म्हशींना हाकललं तरी म्हशी वळत. "तितलं पानी चावतंय," असं सगळे म्हणत, अगदी ‘तिथं चिखल आहे’ म्हणावं तितक्या सहज. तिथे आसरांचं ठाणं आहे, असं मानत. साती आसरा, पाण्यातल्या बाया, आवडलं माणूस नेतात. मावशीची एकुलती एक लेक, लग्न ठरलेली, भादव्यात तिथे धुणं घेऊन गेली होती. मांडीइतक्या पाण्यात उभी होती. काठावरच्या बायांनी पाहिलं ते एवढंच की ती एकाएकी ताठ झाली, ओरडलीसुद्धा नाही, आणि आडवी झाली. अंगावर जखम नव्हती. पोहता येत होतं तिला. मी यायच्या आधीची ही गोष्ट.

तेव्हापासून दर भादव्यात मावशी त्या दगडावर हिरव्या बांगड्या, दहीभात आणि हळदकुंकू ठेवायची. मग ओणवी होऊन बोटं पाण्यात बुडवायची आणि बराच वेळ तशीच राहायची.

मी पहिल्या वर्षी विचारलं, "काय करता हो मावशी?"

"लेकीला भेटतुया," ती म्हणाली. "आसरा सात व्हत्या, आता आठ हायेत. हात लावला की ती बोट धरती माजं."

मी शिकलेली बाई. मी तिला म्हटलं, दाखवा बरं. आणि तिच्या शेजारी बसून बोटं पाण्यात घातली. पाणी गार होतं. आणि मग बोटांच्या पेरांतून काहीतरी सरसरत मनगटाकडे आलं, मुंग्या लागाव्यात तसं, बारीक आणि सारखं. मी हात झटकून उठले आणि घराकडे पळाले. चप्पल तिथेच राहिली. मावशीनं ती नंतर आणून दिली, हसली नाही, फक्त म्हणाली, "पायलं का? लई मायाळू पोर हाय." मी पुढे त्या विषयावर एक अक्षर काढलं नाही. पाणी गार असलं की हाताला मुंग्या येतात, असं मी स्वतःला बजावून टाकलं.

हे सगळं बाजूला ठेवून मी आता विजेच्या बिलावर येते, कारण तिथूनच सगळं सुरू झालं.

संस्थेचे चिटणीस पुण्याहून यायचे. सज्जन गृहस्थ, पण हात आखडता. चहात साखर किती घातली तेही बघणारे. एका भेटीत त्यांनी फ्रिजसमोर उभं राहून घोषणा केली, "बाई, हा पांढरा हत्ती आहे. दवाखान्याची निम्मी वीज हाच गिळतो."

"मग नवा द्या," मी म्हटलं.

"देऊ की. पण हिशोब दाखवा. नव्यानं वीज वाचून त्याची किंमत पाच वर्षांत भरून निघत असेल तर घेऊ. नसेल, तर हा भंगारात काढू. लस लागेल तेव्हा पौडहून मागवा."

साप काही एस.टी.चं वेळापत्रक पाहून चावत नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. पण रात्री झोप लागली नाही. फ्रिज गेला तर आमच्या दवाखान्यात आयोडीन आणि देवाचं नाव याशिवाय काही उरणार नव्हतं. नवा मिळालाच पाहिजे. म्हणजे जुना गुन्हेगार ठरलाच पाहिजे.

हिशोब मला येत होता. मीटरवर आठवडाभर सकाळी आकडा वाचला, म्हणजे रोजची युनिटं कळली. दिव्यांचं सोपं. चाळीसचा दिवा पंचवीस तास जळला की एक युनिट. कोणता दिवा किती वेळ जळतो ते मला ठाऊक. पाणी आम्ही स्टोव्हवर उकळायचो, इस्त्री कोळशाची, पंखा नव्हताच. तेव्हा एकूणातून दिवे वजा केले आणि उरलं ते सगळं फ्रिजच्या नावावर मांडलं. दुसरं मांडणार कुणाच्या? रोजची साडेपाच युनिटं उरली. पुण्याच्या दुकानदारानं नव्याला दीड युनिट पुरेल असं सांगितलं होतं. म्हणजे रोज चार युनिटं वाचणार. आमचा दर चार आण्यांचा, म्हणजे रोजचा रुपया. नव्याची किंमत अठराशे. पाच वर्षांच्या आतच वसूल! मी कागद घडी करून ठेवला आणि त्या दिवशी फ्रिजकडे पाहून चक्क जीभ दाखवली.

एक गोष्ट मात्र दाताखाली खडा आल्यासारखी होती. फ्रिजला उन्हाळ्यात जास्त राबावं लागतं, हे कुणीही सांगेल. आमचं बिल मात्र उन्हाळ्यात कमी आणि धरण भरलं की जास्त. मी मावशीपाशी हे सहज बोलले.

ती भांडी घासत होती. म्हणाली, "पावसाळ्यात त्येला भूक लागती."

"कुणाला? फ्रिजला?"

"मी काय कपाटाचं नाव घेतलं व्हय?" असं म्हणून ती राखेचा हात परत भांड्यावर फिरवू लागली. मी दमट हवेवर ठपका ठेवून मोकळी झाले.

चिटणीस यायच्या चार दिवस आधी मी फ्रिज धुवायला काढला. बर्फाचा चार बोटं थर साचला होता. लसी थर्मासमध्ये बर्फात ठेवल्या आणि प्लग उपसला. फ्रिज शेवटचा शहारला आणि गप्प झाला. तेव्हा मला पहिल्यांदा त्या घराची शांतता ऐकू आली. पागोळ्या गळत होत्या, मागे पाणी काठाला लागत होतं, बाकी काही नाही. भर दुपार होती पण पडवीत उजेड कसा पाण्यातून आल्यासारखा हिरवट होता. घरात एकही दिवा चालू नव्हता. मी ओले हात पुसत पडवीत गेले आणि सहज मीटरकडे पाहिलं.

मीटरच्या काचेआड एक चकती असते. वीज वापरली की ती फिरते, आणि तिच्या काठावरची काळी खूण समोरून जाते. माझ्यासमोरून ती खूण गेली. मी म्हटलं, वेगात असेल, थांबेल आता. थांबली नाही. पुन्हा आली. अगदी सावकाश, घाई नसल्यासारखी.

मी प्रत्येक खोलीत जाऊन प्रत्येक बटण वर-खाली करून पाहिलं. परत आले. खूण पुन्हा समोर येत होती.

त्या घरात त्या वेळी विजेवर चालणारं काहीही चालू नव्हतं, आणि तरी कुणीतरी वीज घेत होतं. शांतपणे, रोजच्यासारखी.

मावशी मागे येऊन उभी राहिलेली मला कळलंच नाही. मी बोलून गेले, "कोण खातंय ही?"

"बाई," ती हळूच म्हणाली, "असं इचारू न्हाई."

खरं सांगते, मला आधी राग आला, भीती नंतर वाटली. मीटरवर लिहिलं होतं, एका युनिटला सहाशे फेरे. मी हातातल्या घड्याळावर, नाडी मोजायच्या सवयीनं, फेरे मोजले. मिनिटाला एक पडत होता. दिवसाची जवळजवळ अडीच युनिटं. म्हणजे माझ्या साडेपाचातली अडीच फ्रिजची नव्हतीच. फ्रिज खात होता तीन. नवा घेऊन वाचणार होती फक्त दीड, आणि दीड युनिटाच्या बचतीत अठराशे रुपये निघायला तेरा वर्षं लागली असती. चिटणीसांनी पाच म्हटली होती. माझा सगळा कागद त्या काळ्या खुणेनं फुकट घालवला.

कागद तसाच पुढे करावा, असंही मनात आलं. कुणाला कळणार होतं? पण मग तो न दिसणारा खाणारा तसाच राहिला असता, नव्या फ्रिजच्या शेजारी, माझ्या उशापासून वीस हातांवर. ते मला सोसवेना. संध्याकाळी फ्रिज पुन्हा लावला तेव्हा त्याच्या घुरघुरीनं मला बरं वाटलं. निदान त्याचं खाणं ऐकू तरी येत होतं.

सकाळी धरणाच्या वसाहतीतून वायरमनला बोलावणं धाडलं. तोंडानं फटकळ, पानाचा तोबरा. तो म्हणाला, "बाई, मीटर बिघडला असंल. असल्या दमट जागी मीटरलाबी भुतं दिसत्यात." त्यानं फ्रिजचा प्लग काढला आणि चकतीसमोर उभा राहिला. खूण एकदा गेली, दुसऱ्यांदा गेली, आणि त्यानं पान थुंकून टाकलं.

मग तो फळीवरचे फ्यूज एकेक करून उपसू लागला. दिव्यांचा काढला. चकती चालू. फ्रिजचा काढला. चालू. कोपऱ्यात चुन्याच्या थरांखाली गाडलेला चिनी मातीचा एक लहानसा फ्यूज होता, मी तो आजवर कधी पाहिलाच नव्हता. त्यानं चाकूनं चुना खरवडला आणि तो उपसला.

चकती थांबली. काळी खूण काचेच्या मधोमध उभी राहिली. मला कुणीतरी चालता चालता थांबून आमच्याकडे वळून पाहतंय असं वाटलं.

त्यानं फ्यूज परत घातला. चालू. काढला. बंद.

"ही लाईन जाती कुटं?" तो स्वतःशीच म्हणाला.

आम्ही तारेच्या मागे गेलो. ती पागोळीखालून निघून, घाणेरीच्या झुडपांत लपलेल्या दोन गंजक्या खांबांवरून, मागच्या उतारावर खाली खाली गेली होती. पुढे चपटा दगड. तार दगडाच्या बाजूनं पाण्यात उतरली होती आणि दिसेनाशी झाली होती. पलीकडे पाण्यातून एका मोडक्या खांबाचं टोक हातभर वर आलं होतं. मी त्याला आजवर वाळकं झाड समजत होते.

"साहेबाच्या व्हडीचा धक्का," वायरमन म्हणाला. "तिथला दिवा."

"म्हणजे पडवीतलं ते निकामी बटण याचंच? ते तर मी केव्हाच बंद करून ठेवलंय."

"बटन परतीच्या तारंवर टाकलंय कुनीतरी अडान्यानं. त्यामुळं दिवा तेवढा इझतो. येनाऱ्या तारंत करंट तसाच ऱ्हातो, पार टोकापतुर. वरचं रबर कवाच कुजलं असंल. धरान भरलं की तार बुडती, करंट पान्यात उतरतो. उन्हाळ्यात पानी खाली जातंय, तार कोरडी पडती, मग काय न्हाई."

पावसाळ्यात त्येला भूक लागती. मावशीचं ते बोलणं मला आठवलं.

"म्हणून पाणी चावतं," मी म्हणाले.

"चावल न्हाई तर काय? काठावर मुंग्या येतील. खांबापाशी मांडीभर पान्यात गेला की मानूस खलास."

मला त्याला गप्प करायचं होतं, पण उशीर झाला होता. मावशी आमच्या मागून आली होती. डोक्यावर पदर, हातात बांगड्यांची पुडी. भादवा होता. तिचा दिवस होता तो. वायरमन गावचाच, त्याला सगळं ठाऊक होतं. तिला पाहून त्यानं मान खाली घातली.

"तवाबी व्हता का ह्यो करंट?" तिनं विचारलं.

वायरमन तसाच पडवीकडे वळला. ते उत्तरच होतं.

त्यानं उपसून ठेवलेला फ्यूज खिशात घातला, मग येऊन तार पागोळीपाशीच तोडली. तिचं वेटोळं करून त्यानं खांद्यावर घेतलं आणि चहा न घेता गेला. मी मावशीला म्हटलं, चला घरात. ती म्हणाली, "तुमी व्हा म्होरं."

मी पुढे झाले नाही. जरा वर, घाणेरीपाशी थांबले. तिनं दरवर्षीसारखा दगड धुतला, हळदकुंकू वाहिलं, बांगड्या मांडल्या. मग ओणवी होऊन बोटं पाण्यात घातली. खूप वेळ. मग मनगटापर्यंत हात बुडवला. मग कोपरापर्यंत, आणि पाण्यात तो इकडेतिकडे फिरवू लागली, अंधारात खाटेवर निजलेलं पोर चाचपावं तसा.

चिटणिसांना मी खरा हिशोब दिला. नवा फ्रिज परवडत नाही, तेरा वर्षं लागतील. पण जुना काढायचंही कारण नाही, कारण बिल फुगवणारा दुसराच होता आणि तो आता तोडला आहे. चोवीस तास नुसता फ्रिज चालू ठेवून, घरात कंदील लावून, सकाळ ते सकाळ आकडा वाचून मी त्यांना तीन युनिटं दाखवली. त्यांना पटलं. फ्रिज राहिला. दाराला नवं रबर बसवून घेतलं, ती सायकलची ट्यूब सुटली, आणि मग त्याचं खाणं आणखी थोडं उतरलं. त्याच पावसात साप चावलेला एक गडी रिहे खोऱ्यातून बैलगाडीत घालून आणला आणि त्यातल्या लसीवर वाचला. या सगळ्याचा मला अभिमान वाटला पाहिजे आणि वाटतोही.

पण मी सांगणार आहे ते त्या दुपारचं. मावशी दगडावरून उठली, कोपरापासून पाणी निथळत होतं. माझ्यापाशी येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ती रडेल, किंवा साहेबाला, वायरमनला, मला शिव्या देईल. मी त्याला तयार होते. शिव्या मी झेलल्या असत्या.

"न्हाई धरलं बोट," ती म्हणाली.

मी तिचा ओला हात धरला. आसरा-बिसरा काही नसतं मावशी, हे मी इतके दिवस मनातल्या मनात म्हणत आले होते. आता ते खरं ठरलं होतं, आणि माझ्या तोंडून ते निघत नव्हतं.

तिनं वळून पाण्याकडे पाहिलं. धरण काठोकाठ भरलं होतं, वाऱ्याचा मागमूस नव्हता.

"आसरांनी न्हाई ना नेलं तिला?" तिनं विचारलं. "मग इतकी वर्सं ती पान्यात एकलीच हाय व्हय, बाई?"